राहुकाळ दीड ते तीन, पण कोणत्या गावचा?

प्रश्न: २२ जानेवारी २०२६, गुरुवार. मुंबईत आमच्या फ्लॅटच्या करारनाम्याची नोंदणी आहे आणि दुपारी सव्वातीनची वेळ मिळाली आहे. घरातल्या तक्त्यात गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन आहे, म्हणजे आमची वेळ मोकळी. मोबाइलवरचं अ‍ॅप २.१४ ते ३.३७ म्हणतं. नागपूरचे सासरे १.४८ ते ३.११ सांगतात. तिघांत खरं कोण? आणि सोमवारी सकाळी, मंगळवारी दुपारी, असा हा राहुकाळ उड्या का मारतो?

उत्तर:

तुमच्या सासऱ्यांचं गणित चुकलेलं नाही आणि अ‍ॅपचंही नाही. सासरे नागपूरचा राहुकाळ सांगताहेत, अ‍ॅप मुंबईचा. राहिला तो तक्ता. तो कुठल्याच गावचा नाही. सूर्य रोज बरोबर सहाला उगवतो आणि सहाला मावळतो अशा एका कल्पित गावासाठी तो केलेला आहे. ते गाव महाराष्ट्रात तरी मला सापडलेलं नाही.

मी गेली बरीच वर्षं मुहूर्त काढून देतो. या विषयातली पहिली चूक मीच केली होती, म्हणून ती आधी सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडेही असाच एक तक्ता भिंतीवर असायचा. जून महिन्यात एका रविवारी मुंबईत दुकानाचं उद्घाटन होतं. तक्त्यात रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. मी बिनदिक्कत सांगितलं, "सहानंतर करा, सव्वासहाला नारळ फोडा." यजमानांचे व्याही म्हैसूरकडचे. त्यांच्याकडे राहुकाळ फार काटेकोर पाळतात. सहा वाजता ते खिडकीजवळ गेले, बाहेर लख्ख ऊन पाहिलं आणि मला म्हणाले, "गुरुजी, रविवारचा राहुकाळ सूर्यास्ताला संपतो. सूर्य कुठे मावळलाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसांत मुंबईत सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो. राहुकाळ होता ५.३९ ते ७.१९, आणि मी नेमकी त्याच्या पोटातली वेळ दिली होती. उलट साडेचार ते ५.३९ हा मोकळा वेळ 'राहुकाळ' म्हणून सगळ्यांना ताटकळत बसवलं होतं. त्या रात्री घरी येऊन तक्ता खाली उतरवला.

आता हे गणित. राहुकाळ हा दिनमानाचा आठवा हिस्सा असतो. दिनमान म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त. त्याचे आठ सारखे भाग करायचे आणि त्या वाराला नेमलेला भाग घ्यायचा. 'दीड तास' ही मुळात व्याख्याच नव्हे. दिनमान बरोबर बारा तासांचं असेल तेव्हाच आठवा भाग दीड तासाचा येतो. थंडीत तो आखडतो, उन्हाळ्यात लांबतो. मुंबईत डिसेंबरच्या शेवटी दिनमान साधारण अकरा तासांचं असतं, तेव्हा एक भाग ८२ मिनिटांचा येतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिनमान सव्वातेरा तासांच्या वर जातं आणि भाग शंभर मिनिटांच्या आसपास पोचतो.

तुमच्या दिवसाचं करून पाहू. २२ जानेवारीला मुंबईत सूर्योदय ७.१५ आणि सूर्यास्त संध्याकाळी ६.२५. मधलं अंतर ११ तास १० मिनिटं, म्हणजे ६७० मिनिटं. त्याला आठाने भागलं की पावणेचौऱ्याऐंशी मिनिटांचा एक भाग आला. गुरुवारी राहुकाळ सहावा भाग असतो. म्हणजे आधी पाच भाग जाऊ द्यायचे: पाच गुणिले पावणेचौऱ्याऐंशी, जवळजवळ ४१९ मिनिटं, म्हणजे सात तासांना एक मिनिट कमी. सव्वासातात ते मिळवले की दुपारचे २.१४ होतात. तिथे राहुकाळ लागला, आणि पुढे एक भाग चालून ३.३७ ला संपला. तुमच्या अ‍ॅपने हेच केलं आहे.

सासऱ्यांचं पाहा. त्याच दिवशी नागपूरला सूर्योदय ६.५३, सूर्यास्त ५.५७. दिनमान ६६४ मिनिटं, भाग बरोबर ८३ मिनिटांचा. पाच भाग म्हणजे ६ तास ५५ मिनिटं, ते ६.५३ मध्ये मिळवले की १.४८ आणि शेवट ३.११ ला. त्यांचंही चोख आहे. दिनमानात दोन्ही गावांचा फरक सहा मिनिटांचाच, पण नागपूरला सगळा दिवसच पंचवीसेक मिनिटं आधी सुरू होऊन आधी संपतो, म्हणून राहुकाळही तेवढाच आधी सरकला.

हा फरक का पडतो हे एकदा नीट लक्षात आलं की पुढे कुठल्या तक्त्याला घाबरायचं कारण उरत नाही. आपली घड्याळं भारतीय प्रमाणवेळेवर चालतात. ती वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई त्या रेषेच्या पश्चिमेला साधारण साडेनऊ अंशांवर, म्हणून तिथे सूर्य डोक्यावर यायला घड्याळाच्या बारानंतर सुमारे ३८ मिनिटं लागतात. नागपूर साडेतीन अंशांच्या आत, तिथे १४ मिनिटं. याशिवाय सूर्याची स्वतःची चाल वर्षभर एकसारखी नसते, त्यामुळे माध्यान्ह ऋतुमानाप्रमाणे आणखी मागेपुढे होतो. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो अकरा-बारा मिनिटं उशिरा होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळाएक मिनिटं लवकर. हे दोन्ही एकत्र केलं तर मुंबईत खरा माध्यान्ह वर्षभरात १२.२२ ते १२.५३ च्या दरम्यान फिरत राहतो. घड्याळाच्या बाराला तो कधीच होत नाही. मग माध्यान्ह बाराला धरून केलेला तक्ता मुंबईत कसा जुळावा? नागपूरला नोव्हेंबरच्या सुरुवातीला माध्यान्ह बाराच्या अगदी जवळ येतो, तेव्हा बुधवार-शुक्रवारच्या वेळा तक्त्याशी बऱ्याच जुळतात. तेवढंच.

इथे एक फसवी चूक पुष्कळ लोक करतात, आणि ती करणारे स्वतःला जाणकार समजतात, म्हणून जरा थांबतो. त्यांना एवढं माहीत असतं की राहुकाळ सूर्योदयावर अवलंबून आहे. मग ते म्हणतात, तक्त्यात सूर्योदय सहाचा धरलाय, आमच्याकडे सव्वासातला झाला, तेव्हा सगळ्या वेळा सव्वा तास पुढे ढकला. त्या हिशेबाने तुमचा राहुकाळ २.४५ ते ४.१५ येईल, म्हणजे खऱ्यापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त चुकलेला. भागाची लांबी ते दीड तासच ठेवतात, सूर्यास्ताकडे बघतच नाहीत. ही चूक ओळखायची असेल तर त्यांच्याच पद्धतीने जवळच्या रविवारचा राहुकाळ काढायचा. साडेचार ते सहा हा सव्वा तास पुढे सरकवला की ५.४५ ते ७.१५ होतो. सूर्यास्त साडेसहाच्या आतच झालेला असतो. दिवसाचा भाग रात्रीत घुसला की गणित कुठेतरी मोडलं आहे हे समजावं.

कुठलंही अ‍ॅप किंवा पंचांग तपासायला मी आठवड्यातले तीन वार वापरतो. रविवारचा राहुकाळ आठवा भाग आहे, म्हणून तो त्या गावच्या सूर्यास्ताला संपलाच पाहिजे. शुक्रवारचा चौथा आणि बुधवारचा पाचवा, म्हणून शुक्रवारचा माध्यान्हाला संपतो आणि बुधवारचा माध्यान्हाला सुरू होतो. सूर्योदय आणि सूर्यास्त यांचा बरोबर मध्य काढा आणि बुधवारची सुरुवात त्याच्याशी ताडून पाहा. एक-दोन मिनिटांचा फरक चालेल. बरोबर १२.०० दिसलं आणि तुम्ही मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा पणजीला असाल, तर तो तक्ता कल्पित गावचाच आहे. मुंबईत १२.१५ च्या आसपास दिसलं तर बहुधा अ‍ॅपमध्ये गाव दुसरंच राहिलेलं असतं. फोन नवा घेतला, अ‍ॅप पुन्हा टाकलं, लोकेशनची परवानगी दिली नाही, की ते मुकाट्याने कुठल्यातरी ठरलेल्या शहरावर जाऊन बसतं. छापील पंचांगातही उदय-अस्त कोणत्या गावचे दिलेत ते कुठेतरी लिहिलेलं असतं. ती ओळ आपण वाचत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडला, कारण बहुतेक जण "सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा" एवढं घोकून थांबतात. रविवारपासून पाठ म्हणायचा असेल तर असा: आठ, दोन, सात, पाच, सहा, चार, तीन. ऐकायला लॉटरीचा नंबर वाटतो. पण त्यामागे एक साधं चक्र आहे.

राहुकाळ पाळण्याची पद्धत मुळात दक्षिणेत जास्त रुजलेली. आपल्याकडच्या जुन्या मुहूर्तांत भद्रा, तिथी, नक्षत्र यांची चर्चा जास्त असे. गुजराती शेजारी चौघडिया विचारत. तमिळनाडूत जामक्कोळ नावाची प्रश्न पाहण्याची एक पद्धत आहे. 'जाम' म्हणजे आपला याम आणि 'कोळ' म्हणजे ग्रह. त्यात दिवसाचे आठ भाग आठ ग्रहांना वाटलेले आहेत आणि ग्रहांचा क्रम असा: रवी, मंगळ, गुरू, बुध, शुक्र, शनी, चंद्र आणि शेवटी राहू, ज्याला तिकडे सर्पच म्हणतात. हा वारांचा क्रम नाही हे लक्षात घ्या. आपल्या वारांत रवीनंतर सोम येतो, इथे चंद्र थेट सातव्या जागी गेला आहे आणि त्याला लागूनच राहू आहे.

नियम एकच. ज्या दिवशी जो वार, त्या वाराच्या ग्रहाला सूर्योदयाचा पहिला भाग द्यायचा. तिथून पुढे चक्राच्या क्रमाने मोजत जायचं. राहू जिथे येईल तो राहुकाळ.

रविवारी पहिला भाग रवीचा. मग मंगळ, गुरू, बुध, शुक्र, शनी, चंद्र, आणि आठवा राहू. सोमवारी पहिला भाग चंद्राचा आणि चक्रात चंद्राला लागूनच राहू, म्हणून दुसऱ्याच भागात राहुकाळ लागतो. म्हणूनच सोमवारी सकाळी कामाला निघायच्या वेळीच तो आडवा येतो. मंगळवारी मंगळापासून मोजलं की राहू सातवा. तुमच्या गुरुवारी गुरू पहिला, बुध दुसरा, शुक्र तिसरा, शनी चौथा, चंद्र पाचवा, राहू सहावा. उरलेले तीन वार तुम्ही बोटांवर मोजून पाहा, बुधवारी पाच, शुक्रवारी चार, शनिवारी तीन असंच येईल.

उडी का पडते तेही यातच आलं. चक्रात ग्रह एका क्रमाने बसलेत आणि वार दुसऱ्या क्रमाने येतात. रविवारनंतर सोमवार आला की मोजणीची सुरुवात चक्रातल्या पहिल्या घरातून एकदम सातव्या घरात जाते. साहजिकच राहू संध्याकाळवरून सकाळी येतो. मंगळवारी सुरुवात परत दुसऱ्या घरात, राहू पुन्हा दुपारी उशिरा. राहू चक्रात आपल्या जागी बसलेलाच असतो, रोज हलते ती मोजायला सुरुवात करायची जागा.

याचा एक गमतीदार परिणाम आहे. तक्ता नीट पाहिलात तर दिसेल की पहिल्या भागात, म्हणजे सूर्योदयापासून पहिल्या दीडेक तासात, राहुकाळ कोणत्याच दिवशी नसतो. लोक याची नाना स्पष्टीकरणं देतात. कारण सरळ आहे: पहिला भाग वाराच्या स्वामीचा, आणि राहूच्या नावाचा वारच नाही. सात वार, आठ ग्रह. ज्याला वार नाही त्याला पहिला भाग मिळणार कसा?

तुलनेसाठी पंचांगात राहुकाळाच्या शेजारी दिलेला गुलिककाळ घ्या. तो शनीचा भाग मानतात, पण त्याची मोजणी साध्या वारांच्या क्रमाने होते: रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. म्हणून रविवारी तो सातवा, सोमवारी सहावा, मंगळवारी पाचवा, असा रोज एकेक पायरी खाली उतरत शनिवारी पहिल्या भागात येतो. यमगंड हा गुरूचा भाग, तोही याच क्रमाने गुरुवारी पहिल्या भागात पोचतो. या दोघांची चाल जिन्यासारखी, राहूची मात्र बुद्धिबळातल्या घोड्यासारखी. तिन्हींचे तक्ते शेजारी शेजारी छापलेले असतात म्हणून लोकांना वाटतं की एकाच नियमाने निघालेत.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवतो, कारण तो मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं: "सध्या राहू कुंभेत आहे, मग राहुकाळ बदलला का?" नाही. आकाशातला राहू म्हणजे चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे छेदतात त्यातला एक बिंदू. तो एका राशीत साधारण दीड वर्ष असतो आणि उलट्या दिशेने सरकतो. राहुकाळाच्या मोजणीत त्याचा कुठेच संबंध येत नाही. त्यात फक्त वार, सूर्योदय आणि सूर्यास्त लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या गुरुवारी, २२ जानेवारीच्याच सुमारास, मुंबईचा राहुकाळ काढलात तर तो आजच्याशी एखाद-दुसऱ्या मिनिटाने जुळेल, राहू तेव्हा कोणत्याही राशीत असो. फक्त उत्तर आजच्या प्रमाणवेळेत मांडायचं, कारण मुंबईची घड्याळं तेव्हा आपल्या वेगळ्या वेळेवर चालत.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही.

सूर्योदय नेमका कशाला म्हणायचं यावर दोन मतं आहेत. वेधशाळेच्या हिशेबाने सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली की उदय, त्यात हवेमुळे प्रकाश वाकतो तेही धरलेलं असतं. काही पंचांगकर्ते बिंबाचा मध्य घेतात आणि तो वाक धरत नाहीत. आपल्या अक्षांशावर त्यामुळे उदय पावणेचार मिनिटांच्या आसपास उशिरा आणि अस्त तितकाच लवकर येतो. पण घाबरायचं कारण नाही. दोन्ही टोकं सारखीच आत सरकतात, त्यामुळे माध्यान्ह जागचा हलत नाही, आणि माध्यान्हाच्या जवळचे भागही फारसे हलत नाहीत. तुमच्या गुरुवारच्या सहाव्या भागाची सुरुवात त्यामुळे एका मिनिटाने बदलेल, शेवट दोन मिनिटांनी. जास्तीत जास्त फरक रविवारच्या शेवटाला पडतो, तोही चार मिनिटांच्या आत. म्हणून दोन चांगल्या पंचांगांत दोन-तीन मिनिटांचा फरक दिसला तर वाद घालू नका. वीस मिनिटांचा दिसला तर गाव तपासा.

डोंगराचंही असंच. वाई-महाबळेश्वरकडच्या एका यजमानांनी मला सांगितलं होतं, "आमच्याकडे सूर्य डोंगराआडून अर्धा तास उशिरा येतो, तोच धरतो." तो धरायचा नाही. पंचांगातला उदय सपाट क्षितिजाचा असतो. डोंगरामुळे ऊन अंगणात उशिरा येतं, दिनमान त्यामुळे कमी होत नाही. मुंबई ते पुणे असा चार मिनिटांचा फरक मी सहसा बघतही नाही, पण मुंबई ते नागपूर किंवा मुंबई ते गडचिरोली असेल तर बघावाच लागतो.

परदेशातल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिथे तक्ता नुसता चुकत नाही, पार उलटतो. लंडनला डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य ८.०४ ला उगवतो आणि दुपारी ३.५३ ला मावळतो. एक भाग फक्त ५९ मिनिटांचा. त्या आठवड्यात सोमवारचा राहुकाळ साधारण ९.०३ ते १०.०१. जूनमध्ये तिथल्या घड्याळाप्रमाणे सूर्य ४.४३ ला उगवून रात्री ९.२१ ला मावळतो, भाग सव्वाशे मिनिटांचा, आणि सोमवारचा राहुकाळ ६.४८ ते ८.५२. इथल्या आईने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला साडेसात ते नऊ दोन्ही वेळा निरुपयोगी. काही जण तर भारतातल्या राहुकाळाची वेळ तिकडच्या घड्याळात बदलून घेतात. साडेसातचे पहाटेचे दोन-तीन होतात आणि मग विचारतात, "रात्री राहुकाळ कसा?" तो त्यांच्या गावचा राहुकाळच नव्हे. जिथे काम होणार, तिथला सूर्य.

म्हणूनच सासऱ्यांना सांगताना त्यांचं पंचांग खोटं पाडू नका. नोंदणी मुंबईत आहे, सह्या मुंबईत होणार, म्हणून मुंबईचा उदय-अस्त घ्यायचा एवढंच म्हणा. त्यांच्या घरात त्या दिवशी काही नवं सुरू करायचं असतं तर १.४८ ते ३.११ हेच बरोबर ठरलं असतं. तिन्ही उत्तरांत तुमची सव्वातीनची वेळ कशी वेगवेगळी पडते पाहा: तक्त्याप्रमाणे पंधरा मिनिटं आधीच मोकळी, नागपूरप्रमाणे चार मिनिटं आधी मोकळी, आणि मुंबईप्रमाणे राहुकाळ संपायला अजून बावीस मिनिटं बाकी.

आता 'सुरुवात' कशाला म्हणायचं हा शेवटचा गुंता. राहुकाळ पाळणारेसुद्धा तो नव्या कामाच्या आरंभापुरताच पाळतात. आधीपासून चालू असलेलं काम कोणी थांबवत नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात टोकनची वेळ सव्वातीन असली तरी आपला नंबर कधी लागेल हे आपल्या हातात नसतं. मी माझ्या यजमानांना करारनाम्यावरची पहिली सही हा आरंभ धरायला सांगतो. काही गुरुजी रक्कम दिली तो क्षण धरतात, त्यांच्याशी मी भांडत नाही. माझ्या हिशेबाने तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. घरी किंवा वकिलांकडे २.१४ च्या आत, म्हणजे जेवणं उरकून दोनच्या सुमाराला, करारनाम्यावर सह्या करून टाका. मग कार्यालयात सव्वातीनला जी सही, अंगठा आणि फोटो होतील ते चालू कामाचा पुढचा टप्पा. हे जमणार नसेल तर वेळ बदलून पावणेचार किंवा त्यानंतरची मिळते का ते पाहा. ३.३७ नंतर तीन-चार मिनिटं सोडलेली बरी, उदयाच्या त्या दोन मतांसाठी.

वेळ बदलून मिळाली नाही आणि दोनला सगळे एकत्रही येऊ शकले नाहीत, तर सव्वातीनलाच जा. मी राहुकाळ काढून देतो, पण त्यापायी नोंदणी पुढच्या महिन्यावर ढकला असं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जायच्या आधी अ‍ॅपमध्ये गाव मुंबईच आहे ना, एवढं मात्र बघून घ्या. त्यासाठी आदल्या दिवशीचा, २१ तारखेच्या बुधवारचा राहुकाळ उघडा. तो १२.५० च्या आसपास सुरू होताना दिसला पाहिजे.